घडी घातली तरी प्रमाण तेच, पण लीगल कागदाचे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘दोन पाने एका पानावर घ्या म्हटले, तर अक्षर इतके बारीक का आले?’ बहुतेक वेळा दोष दुकानदाराचा नसतो आणि मशीनचाही नसतो. मूळ अर्ज लीगल कागदावर असतो. हाच अर्ज ए-४ वर असता तर अक्षर वाचण्याजोगे राहिले असते. असे का होते, ते या पत्रातून सांगावेसे वाटते.

ए-४ कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. तो लांबीच्या मधोमध दुमडला की जुनी रुंदी ही नवी लांबी होते आणि जुन्या लांबीचा अर्धा भाग ही नवी रुंदी. घडी घातल्यावरही लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहायचे असेल, तर लांबीचा वर्ग रुंदीच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट असावा लागतो. म्हणजे लांबी ही रुंदीच्या √२ पट, सुमारे १.४१४ पट. दुसरे कोणतेही प्रमाण इथे चालत नाही.

हे पाहायला पट्टीही लागत नाही. ए-४ कागदाची आखूड कड लांब कडेवर येईल अशी तिरकी घडी घाला. त्या घडीची रेषा म्हणजे २१० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण. आता दुसऱ्या ए-४ कागदाची लांब कड तिच्यावर ठेवा, दोन्ही तंतोतंत जुळतात. नववीच्या वर्गात √२ अपरिमेय आहे हे फळ्यावर सिद्ध करताना प्रत्येक मुलाच्या हातात एकेक कागद दिला, तर तो कर्ण मुले स्वतः पाहतील. आणि √२ अपरिमेय असल्यामुळेच हे माप पूर्ण मिलिमीटरमध्ये अचूक बसवता येत नाही. २९७ चे अर्धे १४८.५ होतात, पण ए-५ ची रुंदी १४८ ठरवली आहे. हा अर्धा मिलिमीटर मात्र सोडून द्यावा लागतो.

ही युक्ती जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मध्ये योहान बेकमान यांना लिहिलेल्या पत्रात ती मांडली आहे. कितीही घड्या घातल्या तरी प्रमाण न बदलणारा कागद शोधण्याचे गणित त्यांनी एका विद्यार्थ्याला घातले होते. उत्तर मिळाल्यावर ते त्या मापाचा कागद कापायला निघाले, तर हाताशी असलेला लिहिण्याचा साधा कागद आधीच त्या प्रमाणात निघाला! पुढे १९२२ मध्ये वॉल्टर पोर्स्टमान यांच्या प्रयत्नांतून जर्मनीने हे प्रमाण मानक म्हणून स्वीकारले. सर्वांत मोठ्या ए-० कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर ठरले आणि तो चार वेळा अर्धा केला की ए-४ मिळतो.

आता झेरॉक्सकडे वळू. ए-४ च्या एका बाजूवर ए-४ ची दोन पाने घ्यायची, तर प्रत्येक पान ७१ टक्क्यांवर आणावे लागते. ते अर्ध्या कागदात बरोबर बसते, कुठे जागा वाया जात नाही आणि १२ पॉइंटचे अक्षर साधारण साडेआठचे होते. लीगल कागद साडेआठ बाय चौदा इंच, म्हणजे प्रमाण १.६५. त्याचा अर्धा भाग सात बाय साडेआठ इंचांचा, जवळजवळ चौकोनी. लांबट पान त्यात बसवायला ६१ टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. अक्षर जेमतेम सव्वासातचे राहते आणि वर प्रत्येक अर्ध्या भागाची चौथाईहून अधिक रुंदी कोरी जाते. बारीक अक्षर आणि कोरा कागद, दोन्ही नुकसान एकदम.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-४ कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली. तरीही आपल्याकडे प्रतिज्ञापत्रे आणि अर्जांचे नमुने अजून सर्रास लीगल कागदावर मागितले जातात. गेल्याच महिन्यात एका कार्यालयात ए-४ वरचा माझा अर्ज फक्त कागदाच्या आकारामुळे परत आला. हे थांबावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि त्यासाठी नमुने नव्याने टाइप करण्याचीही गरज नाही. लीगल नमुना ८३ टक्क्यांवर घेतला की ए-४ वर पूर्ण मावतो, १२ पॉइंटचे अक्षर १० चे राहते आणि रुंदीत जवळपास तीन सेंटिमीटर जागा उरते. ती डावीकडे ठेवली, तर फाइलला पंच करायला पुरते.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका, सातारा