तारीख लिहिताना महिना अक्षरी लिहा

संपादक महोदय,

०४/०७/२०२५ म्हणजे आपल्याकडे ४ जुलै, पण अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून तिथे ती ७ एप्रिल. तारीख १३ किंवा पुढची असेल तर घोटाळा लगेच कळतो, कारण तेरावा महिना नसतो. खरा धोका १ ते १२ तारखांचा. ०५/०५ सारख्या १२ जोड्या वगळल्या तरी वर्षातले १३२ दिवस दोन्हीकडे चालून जातात.

एक्सेलमध्ये तर हे गुपचूप घडते. नवा संगणक बऱ्याचदा अमेरिकी सेटिंगवरच असतो. त्यात सभासदांच्या जन्मतारखा भरल्या, की १३/०७ हा नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटतो आणि ०४/०७ मात्र ७ एप्रिल होऊन उजवीकडे जातो. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजावे, उजवीकडच्या बहुतेक उलटल्या आहेत. नंतर नुसता फॉरमॅट बदलून उपयोग नाही. आत चुकीचाच दिवस साठवलेला असतो. आधी संगणकाचे रीजन ‘इंडिया’ करून तारखा पुन्हा भरलेल्या बऱ्या.

कागदावर सरळ ‘४ जुलै २०२५’ लिहावे, वर्षाचे चारही आकडे देऊन. ‘०४/०७/०५’ लिहिणाऱ्याला तर दंडच हवा! फाइलच्या नावात 2025-07-04 हा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रम वापरावा; फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. छापील अर्जांवर दिवस, महिना, वर्ष असे वेगळे चौकोन असतात, तिथे अर्थातच तसेच भरावे.

– एक वाचक, पुणे