अहवालात वेळेचा रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्या आठवीतल्या नातवाने तळी, नळ आणि विहीर यांच्या पाण्याची तपासणी केली. अहवालात त्याने लिहिले होते, 'नळाच्या पाण्यात क्लोरीन नाही.' आमच्या वाडीच्या टाकीत टीसीएल ही क्लोरीनची पावडर रोज पडते, म्हणून मी खोदून विचारले. त्याने सकाळी सातला कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरले होते आणि क्लोरीन असल्यास पाणी पिवळे करणारी ओटी टेस्ट शाळेत साडेअकराला केली होती. बाटली विसळलेली असली तरी तळाशी सरबताचा अंश राहतोच, आणि पाण्यातले क्लोरीन त्याच्यावर खर्ची पडते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नळ दोन मिनिटे वाहू दिला, परीक्षानळी त्याच पाण्याने धुतली आणि नळापाशीच ओटीचे थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. तेच पाणी एका स्वच्छ आणि एका सरबताच्या बाटलीत ठेवून साडेअकराला तपासले. स्वच्छ बाटलीतल्या पाण्याला फिकट पिवळा रंग आला, दुसऱ्याला आलाच नाही. पाणी एकच, उत्तरे तीन.

विहिरीचेही तसेच. कळशी वर येताच पट्टीवर पीएच 6 दिसला. नातवाने अहवालात मात्र 7 लिहिला होता, कारण 'शुद्ध पाण्याचा 7 असतो'. हे मला फार खटकले. पावसाचे पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन येते आणि जांभ्यात ती आम्लता मारायला चुना फारसा नसतो, म्हणून आपल्याकडे 6 येणे नवलाचे नाही. ते पाणी उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवल्यावर वायू उडून गेला आणि पट्टीचा रंग 6 आणि 7 च्या मध्ये आला.

देवळाच्या तळीत शेवाळ दाट आहे. तिथे पहाटे 7 आणि दुपारी तीनला 9 आला. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, तसा पीएच चढतो.

पीएच ठीक आला म्हणून 'पाणी पिण्यास योग्य' असे मुले सर्रास लिहितात. जंतूंबद्दल ही पट्टी काहीच सांगत नाही. त्यासाठी एचटूएसची वेगळी कुपी मिळते. तिच्यात पाणी भरून उबेला ठेवल्यावर एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर मैलामिश्रणाची शंका घ्यायची आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवायचे. काळे पडले नाही, एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही.

शाळांना विनंती आहे की, अहवालाच्या तक्त्यात पाणी कुठे आणि किती वाजता भरले, कशात भरले आणि किती वाजता तपासले, हे रकाने ठेवावेत. नातवाने जुना तक्ता खोडला नाही. नवा त्याच्याखाली आखला आहे आणि सरबताच्या बाटलीची नोंदही केली आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी