३४ ओळींची यादी, परत आलेल्या ३२ ओळी आणि तुमचं ‘मग तसं लिहायचं ना’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्याकडे चौथा फोन करून ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. ‘यादीचा फोटो पाठवा, आम्ही लावून देऊ’ ही तुमचीच सेवा आहे. ती कशी चालते ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. फोटो आला की तुमचा माणूस यादी वाचतो, विभागवार मांडतो, मांडलेली यादी आम्हाला येते आणि त्याच वेळी ती पॅकिंगवाल्यांकडे जाते. म्हणजे मांडताना चूक झाली तर आम्ही ती वाचेपर्यंत पिशव्या भरलेल्या असतात. आमच्या बाबतीत तसंच झालं.

यादी माझ्या आईनं लिहिली होती. दिवाळीच्या फराळाची आणि महिन्याची एकत्र, वहीच्या एका पानावर, ३४ ओळी. फोटोखाली मी एवढंच लिहिलं, ‘हे नीट लावून द्या.’ किराणा दुकानाच्या नंबरवर पाठवलेल्या यादीखाली या वाक्याचा दुसरा कुठला अर्थ होतो? तुमच्या दुकानात जसे कप्पे आहेत तशी यादी लावा. धान्य-डाळी एकीकडे, पिठं एकीकडे, तेल-तूप, मसाले, सुकामेवा, भाजी, साबण आणि सफाई, पूजेचं सामान. एवढंच मागितलं होतं.

आता काय आलं ते एकेक करून सांगते.

आईनं लिहिलं होतं ‘रवा ।। कि.’ तुमच्या यादीत आलं ‘रवा ११ किलो’. रव्याच्या लाडवांसाठी अर्धा किलो रवा हवा होता. पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन, ही आपल्या हिशेबाची जुनी रीत आहे. ज्यानं दुकानात काम केलं आहे त्याला ती ठाऊक असायला हवी, आणि नसली तरी त्याच पानावर पुरावा होता. चार ओळी वर आईनं ‘बेसन १ कि.’ लिहिलं आहे आणि तो १ नेहमीसारखा वरून गोल वळवून काढलेला आहे. पानावर खरा १ समोर दिसत असताना नुसत्या सरळ रेघेला १ म्हणायचं कसं? हात एकाच माणसाचा आहे. एखादं अक्षर अडलं तर पानावर ते दुसरीकडे कुठे आलंय ते बघायचं, जुन्या चिठ्ठ्या वाचणारा कुणीही पहिल्यांदा हेच करतो.

त्याच पानावर पुढे ‘डा. । कि.’ होतं. तुमच्याकडून आलं ‘हरभरा डाळ १ किलो’, आणि ती गेली डाळींच्या विभागात. ते डाळं होतं, चिवड्याचं डाळं, पाव किलो. मी म्हणत नाही की ‘डा.’ या एका अक्षरावरून कुणी डाळं ओळखावं. पण वरची ओळ काय होती? ‘पा. पो. १ कि.’, पातळ पोहे, ते तुम्ही बरोबर वाचलेत. खालची ‘शें. ।। कि.’, त्याखाली ‘सु. खो.’. पातळ पोहे, डाळं, शेंगदाणे, सुकं खोबरं. या चार ओळी एकाखाली एक आल्या की महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात तो चिवडा असतो. माणूस यादी लिहितो तेव्हा पदार्थ डोळ्यासमोर आणून लिहितो, म्हणून संक्षेपाचा अर्थ वरच्या आणि खालच्या ओळीत असतो. ओळी आधी सुट्या करून मग वाचायला बसलात तर तो अर्थ हातातून गेला. आधी अख्खं पान होतं तसं वाचायचं, संक्षेप सोडवायचे, मग विभाग पाडायचे. तुमच्याकडे आधी विभाग पाडले आणि मग अंदाज लावला, हे चुकांवरूनच कळतं.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे आणि ती मी चारही फोनवर सांगितली आहे.

यादीत ‘सोडा’ दोनदा होता. एकदा ‘खा. सो. ५० ग्रॅ.’, वेलची आणि जायफळाच्या ओळींजवळ. एकदा ‘सो. १ कि.’, ‘भां. सा. ४ वड्या’च्या खाली. पहिला खाण्याचा सोडा, दुसरा धुण्याचा. भांड्याच्या साबणाच्या वड्यांखाली लिहिलेला, एक किलोचा सोडा खाण्याचा कसा असेल? घरात कुणी खाण्याचा सोडा किलोवर आणत नाही. प्रमाण आणि शेजार, दोन्ही ओरडून सांगत होते. तुमच्या माणसानं ठरवलं की सोडा दोनदा आलाय, चुकून लिहिला असेल, एक काढून टाकू. काढला तो ५० ग्रॅमचा. ठेवला तो एक किलोचा, आणि ठेवला कुठे, तर ‘मसाले आणि बेकिंग’ या विभागात.

पॅकिंगवाल्यांनी यादी पाहिली आणि धुण्याचा सोडा वेलची, खसखस आणि पिठीसाखरेच्या पिशवीत भरला. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर फक्त वजनाची चिठ्ठी, नाव नाही. आई मसाल्याची पिशवी ओट्यावर रिकामी करत होती. तिनं सोड्याचा डबा उघडून बाजूला ठेवलाच होता. पिशवी हातात घेतल्यावर तिला कण जाडसर लागले, खाण्याचा सोडा कसा मैद्यासारखा मऊ असतो. म्हणून तिनं मला हाक मारली. धुण्याचा सोडा पोटात गेला तर तोंड आणि घसा भाजतो, मग त्याच्या शंकरपाळ्या मुलांच्या ताटात गेल्या असत्या तर? हे मी तुमच्या माणसाला पहिल्या फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘रिटर्न टाका, मॅडम.’

मेथीचंही तेच. ‘मे. १ जु.’ आणि ‘मे. १०० ग्रॅ.’ जुडी म्हणजे भाजी, ग्रॅम म्हणजे मेथीदाणे. एक भाजीच्या विभागात, दुसरी मसाल्यात. एकच नाव दोनदा आलं तरी एकक वेगळं असेल तर ती दोन वेगळी सामानं असतात. तुम्ही एक ओळ काढलीत. न सांगता काढलीत. पुन्हा सांगते, न सांगता. ३४ ओळी पाठवल्या होत्या, ३२ परत आल्या, आणि वर कुठेही लिहिलेलं नाही की दोन ओळी आम्ही काढल्या आहेत. मी मोजल्या म्हणून कळलं. तुमच्या माणसानं पाठवण्याआधी मोजल्या असत्या तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता कालच्या फोनबद्दल.

तुमच्या प्रतिनिधीनं माझी तक्रार समोर उघडली होती, कारण त्यानं माझं वाक्य मला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही फक्त “हे नीट लावून द्या” एवढंच लिहिलंय. कसं लावायचं ते लिहिलेलं नाही.’

मी म्हटलं, तुम्ही विभागवार लावलंतच की. लावण्याबद्दल माझी तक्रार नाही, वाचण्याबद्दल आहे.

तो म्हणाला, ‘पण शॉर्टफॉर्म होते ना. मग तसं लिहायचं ना, फुल फॉर्ममध्ये.’

मी विचारलं, कळलं नाही तर तुम्ही विचारलं का नाही? एक मेसेज टाकायला किती वेळ लागतो?

तो म्हणाला, ‘आम्ही कस्टमरला डिस्टर्ब करत नाही.’ आणि मग, जरा थांबून, ‘यादी कुणी लिहिली आहे?’

मी म्हटलं, माझ्या आईनं.

‘मग आजींना सांगा ना, टाईप करून पाठवायला. हे असलं आता कोण वाचतं?’

फोन स्पीकरवर होता. आई समोर बसून शेंगदाणे निवडत होती. तिनं ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना अक्षर शिकवलं आहे. ती काही बोलली नाही. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि यादीचं पान माझ्यासमोरून उचलून स्वतःकडे घेतलं. जणू चूक पानाची होती. तुमच्या माणसानं तेवढ्यात विचारलं, ‘अजून काही मदत करू शकतो का?’ मी फोन ठेवला.

आमच्या गल्लीतले जुने किराणा दुकानदार आईची हीच यादी पंचवीस वर्षं वाचत होते. त्यांनाही सगळं कळायचं असं नाही. पण त्यांची पद्धत अशी होती की यादी हातात घेतली की आधी वरपासून खालपर्यंत एकदा वाचायचे, अडलं तिथे पेन्सिलीनं टिंब द्यायचे आणि शेवटी एकदाच विचारायचे, ‘बाई, हे “ति.” म्हणजे तीळ की तिखट?’ दोन किंवा तीन प्रश्न, त्यापेक्षा जास्त कधी नाही, कारण बाकीचं ते शेजारच्या ओळींवरून लावून घ्यायचे. ते दुकान बंद झालं म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो. तुमच्याबद्दल आम्हाला भरवसा होता, तो मी उगाच बोलून दाखवत नाही. दोन वर्षं महिन्याचं सगळं सामान तुमच्याकडून घेतलं आहे.

मला पैसे परत नकोत, ते तुम्ही रिटर्नमध्ये द्यालच. मला लेखी हवंय की यापुढे मांडलेल्या यादीत प्रत्येक सामानाशेजारी मूळ ओळ जशी लिहिली आहे तशी दिसेल, म्हणजे ‘डा. । कि.’ तुम्ही काय वाचलंत ते आम्हाला लगेच कळेल. जिथे अंदाज लावला असेल तिथे प्रश्नचिन्ह येईल. एकही ओळ विचारल्याशिवाय गाळली जाणार नाही. आणि खाण्याची वस्तू की साफसफाईची अशी शंका आली, तर उत्तर येईपर्यंत ती पिशवीत जाणार नाही. पहिल्या तीन गोष्टी राहिल्या तर गैरसोय होते, चौथी राहिली तर माणूस दवाखान्यात जातो.

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवणार आहे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. यादीचा मूळ फोटो, तुमची ३२ ओळींची यादी आणि सोड्याची न उघडलेली पिशवी माझ्याकडे आहे. मी ती फेकलेली नाही.

उत्तर माझ्या नावानं नको, आईच्या नावानं पाठवा. तुमच्या माणसानं जे म्हटलं ते तिनं ऐकलं आहे.

आपली,
एक ग्राहक

ता.क. ११ किलो रव्यापैकी साडेदहा किलो अजून दारात पडून आहे. चार दिवसांपूर्वी ‘उद्या माणूस येईल’ असं सांगितलं होतं. मेथीदाणे आणि खाण्याचा सोडाही अजून आलेले नाहीत.