राऊटर टीव्हीपाशी नको, जिन्यापाशी हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात फायबरचे कनेक्शन घेताना राऊटरची जागा कोण ठरवतो? घरमालक नाही. केबल टाकायला आलेला मुलगा खांबावरून वायर ओढतो, सर्वांत जवळच्या खिडकीपाशी भोक पाडतो आणि टीव्हीच्या कपाटात पेटी ठेवून जातो. मग खाली सगळे सुरळीत चालते आणि वरच्या खोलीत मुलांचा ऑनलाइन क्लास अडखळतो. मी नाशिक परिसरात बंगले आणि रो-हाऊसच्या कामांवर देखरेख करतो. ही तक्रार हल्ली गळतीच्या तक्रारीइतकीच ऐकू येते, म्हणून हे पत्र.

दोष सगळा सळयांना देतात, ते पूर्ण खरे नाही. स्लॅबमधली जाळी साधारण सहा इंचांची असते. पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायची लहर जेमतेम अडीच इंचांची, 2.4 गिगाहर्ट्झची पाच इंचांची. म्हणजे जाळीतून लहरी जातात, पण काही भाग सळयांवरून परततो. उरलेल्यातला बराचसा काँक्रीट आणि त्यातला ओलावा खातो, आणि पाच गिगाहर्ट्झला हा फटका जास्त बसतो. खरी अडचण बीमची. तिथे जाड सळया आणि जवळजवळ बांधलेल्या रिंगा असतात, शिवाय काँक्रीटची खोली फूट-दीड फूट. राऊटर नेमका बीमखाली आला तर वरच्या मजल्याची आशा सोडावी.

एका दुमजली रो-हाऊसचे उदाहरण देतो. राऊटर पुढच्या हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात होता आणि तक्रार वरच्या मागच्या बेडरूमची होती. मोबाइलवर सिग्नल मोजणारे मोफत अ‍ॅप मिळते. त्यात आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. व्हिडिओ कॉलसाठी उणे 67 च्या आसपास तरी हवा. त्या बेडरूममध्ये उणे 84 दिसत होता. वाटेत स्लॅब होता, एक बीम होता, दोन विटांच्या भिंती होत्या, आणि सुरुवातीलाच टीव्हीची पाठ.

घरमालकांनी मोठ्या अँटेनांचा महाग राऊटर आणायचे ठरवले होते. मी थांबवले. राऊटरची ताकद नियमांनी मर्यादित असते आणि संभाषण दोन्ही बाजूंचे असते. राऊटरचा आवाज वर पोहोचला तरी हातातल्या मोबाइलचा क्षीण आवाज खाली पोहोचायला हवा ना!

उपाय घरातच होता. सगळ्या घरात स्लॅब नसलेली जागा एकच, ती म्हणजे जिन्याचा मोकळा भाग. राऊटर जिन्यालगतच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावला. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा चहूकडे पसरतो, तिच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे थेट वर, सर्वांत कमी जातो. म्हणून दोनपैकी एक अँटेना आडवी केली. बेडरूममधला आकडा उणे 66 वर आला. दर दहा अंकांना ताकद दहापट बदलते, त्या हिशेबाने हा फरक साठपटीहून जास्त आहे, आणि नवे यंत्र एकही घेतले नाही.

गच्चीवरच्या खोलीत मात्र एवढ्याने भागले नाही, तिथे आकडा उणे 80 च्या खालीच राहिला. अशा वेळी लोक त्या खोलीतच रिपीटर लावतात. पण ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? रिपीटर लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिन्याच्या लँडिंगवर लावावा. त्यातही वेग साधारण निम्मा होतो. आम्ही कॅट-सिक्स केबल वर नेऊन दुसरे वाय-फाय यंत्र जोडले. तारेला स्लॅबची पर्वा नसते, आणि ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते.

ती केबल नेताना मात्र रंगवलेल्या भिंतीवर पट्टी मारावी लागली, कारण स्लॅब टाकताना कुणी पाइप सोडला नव्हता. 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत दूरसंचाराच्या सोयींसाठी स्वतंत्र विभाग आहे, पण छोट्या बंगल्यांच्या साइटवर तो कुणी उघडत नाही. लोखंड बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्याआधी, प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी 25 मिलिमीटरचा एक पाइप ठेवायला फार तर तासाभराचे काम लागते. तो विजेच्या पाइपपासून वेगळा ठेवावा आणि आत ओढण्यासाठी तार सोडून ठेवावी.

ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी निदान केबलवाल्याला भोक पाडण्याआधी थांबवावे आणि फायबर जिन्यापर्यंत न्यायला सांगावे. चाळीस-पन्नास फूट जास्त वायरने फायबरच्या वेगात काही फरक पडत नाही. फक्त कोपऱ्यावर ती काटकोनात मुडपू देऊ नये.

आपला,
एक बांधकाम पर्यवेक्षक, नाशिक