‘देअर इज’ आणि कापलेला अर्धा गुण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात विद्यार्थ्यांच्या पानावर ‘देअर इज की देअर आर’ हे टिपण वाचलं. ‘यादीत एकाहून जास्त वस्तू असल्या की नेहमी आर, इज लिहिलं तर चूक’ असा निकाल चौकट आखून देऊन टाकलाय. ही चौकट आता कात्रण होऊन नाशिकच्या किती वर्गांत भिंतीवर लागेल, याचा विचार छापण्याआधी कुणी केला होता का?

माझ्या नातीचा अर्धा गुण याच नियमापायी गेला. सहामाहीत चित्रवर्णनाचा प्रश्न होता. चित्रात झाड आणि त्याखाली तीन मुलं. तिने लिहिलं, ‘देअर इज अ ट्री अँड थ्री बॉइज इन द पिक्चर.’ बाईंनी ‘इज’वर लाल काट मारली आणि वर ‘आर’ लिहिलं. म्हणजे वाक्य झालं, ‘देअर आर अ ट्री अँड थ्री बॉइज.’ हे एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘आर’ला लागूनच ‘अ ट्री’ येतं आणि जीभ अडखळते. मी शाळेत भेटायला गेलो तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, ‘सर, चार गोष्टी आहेत, मग आरच ना?’

बाईंचा हिशेब कुठून येतो ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर इंग्रजीच शिकवलंय. ‘देअर’ हा नुसता जागा धरून बसलेला शब्द, खरा कर्ता क्रियापदाच्या मागून येतो. वाक्य सरळ केलं तर ‘अ ट्री अँड थ्री बॉइज आर इन द पिक्चर’ होतं आणि तिथे ‘आर’ला पर्याय नाही. तोच नियम उचलून ‘देअर’च्या वाक्याला लावला की तुमची चौकट तयार. पण ‘देअर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात बोलणारा क्रियापद आधी उच्चारतो, यादी नंतर येते. त्यामुळे क्रियापद यादीतल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत जवळच्या नामाकडे ओढलं जातं. पहिलं नाम एकवचनी असेल तर चांगले इंग्रजी लेखकही ‘इज’ लिहितात. मेरियम-वेब्स्टरच्या शब्दवापराच्या कोशात अशा वाक्यांत एकवचन आणि अनेकवचन दोन्ही आढळतात, अशी नोंद आहे. काटेकोर लेखनात ‘आर’चा आग्रह धरणारे आहेत, त्यांनी तो जरूर धरावा. पण ‘इज’ला चूक म्हणून गुण कापायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. यादी उलटी केली, ‘थ्री बॉइज अँड अ ट्री’, की लेखी इंग्रजीत ‘देअर आर’च हवं. तिथे ‘इज’ लिहिणाऱ्याचा गुण मीही कापला असता. बोलताना ‘देअर्ज थ्री बॉइज’ सर्रास ऐकू येतं, ते परीक्षेच्या पेपरात नको. आणि पोराला वादातच पडायचं नसेल, तर त्याला एवढंच सांगावं की अनेकवचनी नाम आधी घे. ‘देअर आर थ्री बॉइज अँड अ ट्री’ला कुठलीही बाई काट मारणार नाही. तुमच्या टिपणात ही साधी वाट सांगायला एक ओळ पुरली असती.

मराठी मुलांना हे जवळच्या नामाचं प्रकरण अवघडही नाही. आपण ‘बाजारातून कांदे आणि कोथिंबीर आणली’ म्हणतो, आणि ‘कोथिंबीर आणि कांदे आणले’ म्हणतो. वस्तू त्याच, पण क्रियापद शेजारच्या नामाप्रमाणे बदललं. आपलं क्रियापद शेवटी येतं म्हणून यादीतलं शेवटचं नाम जवळचं. ‘देअर’च्या वाक्यात ते आधी येतं म्हणून पहिलं. वर्गात फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली की सातवीतल्या मुलांच्या लगेच ध्यानात येतं.

आणि हे लिहितोच आहे तर सांगतो, त्याच अंकात पहिल्या पानावर ‘द्वारका चौकात बस, रिक्षा आणि ट्रक अडकली’ असं छापलंय. शेवटी ‘ट्रक’ आहे, तिथे ‘अडकले’ हवं. इंग्रजीचे नियम चौकटीत छापणाऱ्या दैनिकात मराठीचा मथळा कुणी वाचून पाहत नाही का?

घटक चाचण्या तोंडावर आल्या आहेत. त्याआधी ‘पहिलं नाम एकवचनी असेल तर इजही चालतं’ एवढी दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
इंदिरानगर, नाशिक