टर्मची बेरीज: गुरुवारपर्यंत तपासा

मित्रांनो, काल कदंबा बसमध्ये तिघांनी एकच प्रश्न विचारला, टर्मचे एकूण गुण कसे काढायचे? म्हणून इथे लिहिते. सगळ्या गुणांची सरळ बेरीज करू नका.

वजन असे: चाचणी (२० पैकी) ३०, असाइनमेंट (५० पैकी) १०, टर्म परीक्षा (१०० पैकी) ६०. मिळालेले गुण भागिले कमाल गुण, गुणिले वजन.

समजा, चाचणीत १४, असाइनमेंटमध्ये ४५, परीक्षेत ५५.
१४÷२०×३० = २१
४५÷५०×१० = ९
५५÷१००×६० = ३३
एकूण ६३.

सरळ बेरीज १७० पैकी ११४, म्हणजे ६७ टक्के येते. असाइनमेंटचे ४५ तिथे उगाच भाव खातात! चाचणी दिलीच नसेल तर तिथे शून्य धरा, वजन दुसरीकडे जात नाही. अपूर्णांक शेवटीच पूर्ण करा.

तफावत दिसली तर रोल नंबरसह मला गुरुवारी दुपारी १ पर्यंत वर्गात सांगा. ग्रुपवर गुण टाकू नका.

– सीआर