पहिला तास कापू नका, असं म्हणालात म्हणून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पण मुलांना युद्धपट कसा दाखवावा हे तुम्ही मला शिकवलंत, त्याबद्दलचं हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारख्या आणखी कुणा शिक्षिकेला किंवा पालकांना त्याचा उपयोग होईल.

गेल्या वर्षी मी नववीच्या मुलांना एक युद्धपट दाखवला होता. दुसऱ्या महायुद्धाचा धडा झाला होता, म्हटलं पडद्यावर बघतील. मुलं बाहेर पडली ती तोंडाने मशीनगनचे आवाज काढतच. दोघं जण व्हरांड्यात मेल्याचं नाटक करत होते आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी त्यांना खूप रागावले. घरी गेल्यावर मात्र वाटत राहिलं की चूक त्यांची नव्हती, माझी होती.

वाचनालयात तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही मला दोष दिला नाहीत. एवढंच विचारलंत, "मुलं नेमकी कुठे ओरडली?" मी आठवून सांगितलं. मग म्हणालात, "गोळी लागलेला माणूस त्यानंतर किती वेळ पडद्यावर होता?" मी विचार केला. अर्धा सेकंद. कोलमडला की कॅमेरा पुढच्या माणसावर. "त्याला नाव होतं का?" नव्हतं. त्या दिवसापासून कुठलाही युद्धपट बघताना मी हेच दोन प्रश्न मनात धरून बसते. चित्रपट युद्धाचा गौरव करतोय की त्याची किंमत दाखवतोय, हे संवादांवरून ओळखू येत नाही. युद्धाविरुद्ध लांबलचक भाषणं असलेले चित्रपटही मरणाऱ्याला अर्ध्या सेकंदात विसरतात.

आणि मग तुम्ही 'डी ब्र्युके' काढलात. 'पूल'. बर्नहार्ड विकी यांचा १९५९ चा जर्मन चित्रपट, काळा-पांढरा, पावणेदोन तासांच्या आतला. मी आधी एकटीने पाहिला आणि तुम्हाला फोन केला की पहिला तासभर काहीच घडत नाही, मुलं कंटाळतील, तेवढा भाग कापून दाखवू का? तुम्ही इतक्या ठामपणे "नाही" म्हणालात की मी दचकले. "बाई, सगळी किंमत त्या तासात आहे. नंतर फक्त वसुली आहे."

ते किती खरं होतं, हे मुलांबरोबर बसून बघितल्यावर कळलं. एप्रिल १९४५, युद्ध हरल्यात जमा आहे. एका छोट्या गावातली एकाच वर्गातली सात मुलं, सगळी सोळाच्या आसपासची. नदीकाठी त्यांची एक होडी आहे, तिच्याशी खेळतात. झिगीची आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवते. पोराला गावाबाहेर सुरक्षित ठेवावं म्हणून ती धडपडते, पण मित्रांपुढे लाज जाईल म्हणून तोच जायला तयार नाही. कार्लच्या वडिलांचं केशकर्तनालय आहे. तिथे काम करणारी मुलगी कार्लला मनापासून आवडते, आणि एक दिवस त्याला कळतं की वडिलांचंच तिच्याशी सूत जुळलं आहे. वाल्टरचा बाप गावातला नाझी पुढारी. इतरांना लढायला सांगतो आणि स्वतः पळायच्या तयारीत असतो. आमच्या वर्गातली मुलं या तासात कंटाळली नाहीत. होडीच्या प्रसंगात हसली, कार्लच्या बापाला शिव्या घातल्या. म्हणजे पहिला तास संपेपर्यंत सातही जणांना त्यांच्या लेखी नावं मिळाली होती.

मग बोलावणं येतं. सैन्यात भरती, जेमतेम एक दिवसाचं शिक्षण, आणि रात्री इशारा. त्यांचे शिक्षक अधिकाऱ्याकडे जाऊन विनवतात की या पोरांना लढाईत ढकलू नका. अधिकारी वाईट माणूस नाही. तो त्यांना त्यांच्याच गावच्या पुलावर ठेवतो. पूल तसाही सुरुंग लावून उडवायचाच आहे, तिथे काही होणार नाही, असा त्याचा हिशोब. सोबत एक अनुभवी सैनिक देतो. तो सैनिक गावात जातो, तिथे लष्करी पोलीस त्याला पळपुटा समजून गोळी घालतात. पुलावरच्या मुलांना याचा पत्ताच नाही. ती त्याची वाट बघत, हुकूम पाळत बसतात. चांगल्या हेतूने आखलेली एक व्यवस्था एका गैरसमजाने कोसळते. मुलांना हे नीट उमगलं. एकीने नंतर वहीत लिहिलं, "त्यांना कोणीच मरायला पाठवलं नव्हतं."

सबटायटल्स इंग्रजीत आणि आमची मुलं मराठी माध्यमाची. तुम्ही आठ दिवस बसून दोनशे पानी वहीत सगळे संवाद मराठीत उतरवलेत, आणि हॉलच्या कोपऱ्यात छोटा दिवा लावून माइकवरून हळू आवाजात वाचलेत. त्या कष्टांची भरपाई मी कशी करू? पण नुसते कष्ट नव्हते, तुमची जाण होती. एकच शब्द सांगते.

रणगाडे येतात, गोळीबार सुरू होतो, आणि एका अमेरिकन सैनिकाला कळतं की समोर पोरं आहेत. तो ओरडून त्यांना सांगतो की आम्ही मुलांशी लढत नाही, थांबा. पण त्याच्या बोलण्यात 'किंडरगार्टन' हा शब्द येतो. तो शब्द इंग्रजीत गेलाय मूळ जर्मनमधूनच. गोंगाटात मुलांना तेवढा एकच कळतो, आणि कळतो तो अपमान म्हणून. कार्ल गोळी झाडतो. जीव वाचवायला आलेल्या माणसाच्या पोटात ती लागते.

तुम्ही तिथे वाचलंत, "बालवाडी." आमची मुलं खदखदून हसली. मी घाबरले, म्हटलं गेलं सगळं. दुसऱ्याच क्षणी गोळीचा आवाज झाला आणि हसू घशातच राहिलं. कारण बालवाडी म्हटल्यावर सोळाव्या वर्षी काय वाटतं, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो सैनिक लगेच मरत नाही. विव्हळत राहतो, आणि कॅमेरा तिथून हलत नाही. त्या वेळी तुम्ही वही मिटलीत आणि दिवा बंद केलात. हॉलमध्ये फक्त तो आवाज होता. तुमचे दोन प्रश्न मला तिथे पुन्हा आठवले.

झिगीचं जाणं त्याआधीचं. विमान खाली येतं, सगळे जमिनीवर झोपतात. झिगी उभाच राहतो, कारण मघाशी घाबरून लपल्याबद्दल इतरांनी त्याला चिडवलं होतं. पहिला बळी तोच. तिथे आमच्या वर्गातल्या एका मुलाने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. तो कुणाला रोज चिडवतो, हे मला माहीत आहे. मी त्याला काही विचारलं नाही. तुम्हीच बजावलं होतं, "चित्रपट संपल्यावर काय शिकलात असं विचारू नका."

आणि रणगाड्याचा प्रसंग. एक मुलगा घरातून खांद्यावरच्या नळीने रॉकेट मारतो, रणगाडा पेटतो. आमचा हॉल टाळ्यांनी दणाणला. मी उठायला लागले, तुम्ही हातानेच मला खाली बसवलंत. त्या नळीचा जाळ मागच्या बाजूनेही निघतो, आणि मागे त्या घरात राहणारा म्हातारा उभा होता. त्याचा चेहरा दिसला आणि टाळ्या एकेक करत थांबल्या. नंतर तुम्ही म्हणालात, दिग्दर्शकाला त्या टाळ्या हव्याच होत्या. प्रेक्षकाने आधी टाळी वाजवली तरच तिचं काय होतं ते त्याला बघता येईल. मी मुलांना गप्प केलं असतं तर तो प्रसंग वाया गेला असता.

माझ्या मनात एक शंका होती आणि ती मी तुम्हाला जरा तावातावाने विचारली होती. हा चित्रपट बघून मुलांना हिटलरच्या सैन्याची कणव आली तर? कारण पडद्यावर जर्मन मुलं बळी आहेत, आणि त्याच सैन्याने पोलंडमध्ये, रशियात काय केलं, ज्यूंचं काय झालं, याचा त्यात मागमूस नाही. तुम्ही चित्रपटाची बाजू घेतली नाहीत. म्हणालात, ही त्याची मर्यादाच आहे, ती तुम्ही वर्गात भरून काढा, आणि चित्रपटाच्या आधी काढा. म्हणून आदल्या आठवड्यात मी दोन तास छळछावण्यांवर घेतले. ऑक्टोबर १९४४ मध्ये सोळा ते साठ वयाच्या पुरुषांना लढाईत ओढण्यासाठी 'फोल्क्सस्टुर्म' ही फौज उभी केली, हेही सांगितलं. त्यामुळे मुलं हळहळली ती त्या सात जणांसाठी, त्यांच्या गणवेशासाठी नाही. हा चित्रपट ज्या कादंबरीवर आहे तिचे लेखक मानफ्रेड ग्रेगोर सोळाव्या वर्षी स्वतः असंच एका पुलावर उभे होते, हे मात्र तुम्ही शेवटपर्यंत राखून ठेवलंत आणि दिवे लागल्यावर सांगितलंत.

शेवटी पूल उडवणारी तुकडी येते आणि कळतं की तो उडवायचाच होता. मग आपल्याच माणसांशी गोळीबार होतो आणि सातातला एक आल्बर्ट उरतो. पडद्यावर अक्षरं उमटतात, तुम्ही ती वाचलीत: हे २७ एप्रिल १९४५ रोजी घडलं आणि इतकं किरकोळ होतं की कुठल्याही लष्करी पत्रकात त्याची नोंद झाली नाही. जर्मनी शरण आली ८ मे रोजी. मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने मोजलं, "अकरा दिवस."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या सांगण्यावरून एकच प्रश्न फळ्यावर लिहिला, सातांपैकी तुम्हाला कोण आठवतो आणि तो चित्रपटाच्या सुरुवातीला काय करत होता? सगळ्यात जास्त वह्यांत झिगी होता. चौघांनी होडीचं चित्र काढलं होतं. एकाने तिच्यात एकच मुलगा बसवला होता.

लोक विचारतात म्हणून लिहिते, चौदाच्या खाली मी हा चित्रपट दाखवणार नाही. त्या सैनिकाचं विव्हळणं मोठ्यांनाही सहन होत नाही. आमच्या दोन मुली मध्येच बाहेर गेल्या. तुम्ही आधीच दारापाशी खुर्ची टाकून ठेवली होती आणि एका बाईंना तिथे बसवलं होतं. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

काका, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे. जूनमध्ये नवी नववी येईल, तेव्हा ती लागेल. दिव्याची वायर जरा कुरतडली होती, ती बदलून घेतली आहे. माइकवर बसायला तुम्हीच यायचं आहे.

तुमची ऋणी,
एक इतिहासाची शिक्षिका